हॉटस्पॉटवरचा फोन तापतो कुठून?

लॅपटॉपला फोनवरून इंटरनेट पुरवताना फोन एकाच वेळी दोन कामे करतो. एका बाजूला मोबाइल टॉवरशी बोलतो आणि दुसऱ्या बाजूला वाय-फाय, यूएसबी केबल किंवा ब्लूटूथवरून लॅपटॉपशी. एरवी फोन दिवसाचा बराच वेळ झोपेत काढतो. स्क्रीन बंद असते, प्रोसेसर आणि रेडिओ मधूनमधून क्षणभर जागे होतात आणि पुन्हा शांत होतात. हॉटस्पॉट चालू झाला की ही झोप मोडते. चार-पाच तासांच्या सलग कामात फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते, त्याचे मूळ इथे आहे.

मात्र या दोन कामांचा भार सारखा नसतो. बहुतेकांचा संशय आधी वाय-फायवर जातो, कारण हॉटस्पॉटचे चिन्ह समोर दिसते. वाय-फायलाही वीज लागतेच. हॉटस्पॉट झालेला फोन साधारण दर दशांश सेकंदाला आपल्या अस्तित्वाची खूण हवेत सोडत असतो आणि जोडलेल्या यंत्राचा डेटा कधी येईल म्हणून कान टवकारून बसलेला असतो. पण लॅपटॉप दोन-चार हातांवर असतो आणि तिथपर्यंत आवाज पोहोचवायला फार जोर लागत नाही. टॉवर मात्र अर्धा-एक किलोमीटरवर, कधी डोंगरापलीकडे असतो. खरी मेहनत तिकडे बोलण्यात जाते, आणि ती किती होईल हे फोन घरात कुठे ठेवला आहे यावर ठरते.

फोर-जी फोन टॉवरकडे जास्तीत जास्त ०.२ वॅट शक्तीचे संकेत पाठवू शकतो. आकडा लहान वाटतो, पण ही हवेत बाहेर पडणारी शक्ती आहे. ती तयार करणारा अँम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो आणि उरलेली वीज उष्णता होऊन फोनच्या अंगात राहते. टॉवर स्पष्ट ऐकू येत असेल तर फोन आवाज खाली आणतो आणि या कमाल मर्यादेच्या शतांशावरही त्याचे भागते. सिग्नल अशक्त असेल तर फोनला ओरडून बोलावे लागते. शिवाय टॉवरला नीट ऐकू न गेलेले तुकडे पुन्हा पाठवावे लागतात, आणि आवाज पोहोचावा म्हणून फोन सावकाश बोलतो, म्हणजे तेवढ्याच डेटासाठी रेडिओ जास्त वेळ चालू राहतो. जोर वाढला आणि वेळही वाढला, असा दुहेरी भार पडतो. नुसते डाउनलोड चालू असले तरी यातून सुटका नाही, कारण आलेल्या डेटाची पोच फोनला सतत परत पाठवावी लागते.

सिग्नल किती आहे हे वरच्या पट्टीतल्या दांड्यांवरून ठरवू नये. दांड्या कशा मोजायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. खरा आकडा अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या ‘अबाउट फोन’ विभागात, सिमच्या माहितीखाली, `dBm` या एककात मिळतो. काही फोनमध्ये त्यासाठी डायलरवर `*#*#4636#*#*` टाइप करावे लागते. आयफोनवर `*3001#12345#*` डायल केले की अशीच माहिती उघडते. हा आकडा उणे असतो. फोर-जीच्या बाबतीत −८५ च्या आसपास असेल तर उत्तम, −१०० ला काम चालते, −११० च्या पलीकडे अशक्त आणि −१२० म्हणजे जवळजवळ तुटण्याच्या बेतात. दर दहा अंकांचा फरक म्हणजे दहापट. म्हणजे फोन −११५ वरून −१०५ च्या जागी हलवला, तर टॉवरपर्यंत पोहोचायला फोनला साधारण एक दशांश जोर पुरतो. घरातल्या घरात, पाच-सहा पावलांत, एवढा फरक सहज पडतो.

हे एका उदाहरणाने पाहता येईल. राजापूरकडचे एखादे जांभ्या दगडाचे कौलारू घर घ्या. भिंती दीड फूट जाड, टॉवर ओढ्यापलीकडच्या सड्यावर, मे महिना, खोलीतली हवा ३४ अंश. भाषांतराचे काम करणारी एक व्यक्ती माजघरात लॅपटॉप उघडून बसली आहे, फोन शेजारी गादीवर आहे, त्याला जाड सिलिकॉनचे कव्हर आहे. सिग्नल −११५. चार्जर न लावता तासाभरात बॅटरी १८ टक्क्यांनी उतरली, असे समजा.

या एका आकड्यावरून फोन किती वीज खातो ते काढता येते. बॅटरी ५,००० एमएएचची असेल तर तिचा सरासरी व्होल्टेज ३.८५ धरून तिच्यात सुमारे १९ वॅट-तास वीज मावते. त्याचे १८ टक्के म्हणजे तासाला साडेतीन वॅट-तास, अर्थात फोन सतत साडेतीन वॅट खर्च करतो आहे. यातली बहुतेक सगळी वीज शेवटी उष्णताच होते. फोनला पंखा नसतो, आतली उष्णता पाठीवाटे आणि काचेवाटे हवेतच जावी लागते, आणि इथे एका बाजूला गादी आहे, भोवती सिलिकॉन आहे. बॅटरीचे तापमान खोलीपेक्षा बारा अंशांनी चढून ४६ वर गेले, तर त्यात नवल नाही.

आता फोन पडवीच्या खिडकीच्या फळीवर, सावलीत ठेवला आणि तिथे सिग्नल −१०१ मिळाला. फरक चौदा अंकांचा, म्हणजे टॉवरकडे बोलायला पूर्वीच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतका जोर पुरतो. फोनचा एकूण खर्च अर्थातच पंचविसाव्या भागावर येत नाही, कारण प्रोसेसर, वाय-फाय आणि बाकीचे मॉडेम चालूच असते. पण तासाला १८ ऐवजी ९ टक्के बॅटरी उतरू लागली, असे धरू. खर्च पावणेदोन वॅटवर आला. उष्णता निम्मी झाली की खोलीच्या वरची चढही साधारण निम्मी होते, म्हणजे ४६ च्या जागी ४० अंश. पाच तासांच्या कामात आधी ९० टक्के बॅटरी गेली असती, आता ४५ टक्के जाईल. यासाठी काहीही विकत घ्यावे लागले नाही, फोनची जागा तेवढी बदलली. वाय-फाय पडवीतून माजघरापर्यंत आरामात पोहोचते. म्हणून फोन लॅपटॉपच्या कुशीत ठेवण्यापेक्षा टॉवरच्या बाजूला ठेवणे हा पहिला उपाय, आणि बाकीचे सगळे त्याच्या मागून.

खिडकीची एक अडचण असते, ती उन्हाची. काचेतून थेट ऊन पडणारा फोन अर्ध्या तासात कोणत्याही मॉडेमपेक्षा जास्त तापतो. सकाळी पूर्वेची आणि दुपारनंतर पश्चिमेची खिडकी टाळावी. उत्तरेची खिडकी सहसा सोयीची. खिडकीच्या लोखंडी गजांना किंवा पत्र्याच्या कपाटाला फोन टेकवून ठेवू नये, धातू अँटेनाच्या अगदी जवळ आला की सिग्नल पडतो.

फाइव्ह-जीचा प्रश्न यालाच लागून आहे. भारतात फाइव्ह-जीसाठी २०२२ च्या लिलावात विकल्या गेलेल्या लहरींमध्ये ३,३०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोठा होता. या लहरी वेगवान असतात, पण जाड भिंतीतून आत शिरताना बऱ्याच अशक्त होतात. अशा घरात फोन फाइव्ह-जी पकडतो, सोडतो, फोर-जीवर येतो, पुन्हा वर जातो. काही जाळ्यांमध्ये तर फाइव्ह-जी चालताना फोर-जीचा दुवाही सोबत धरून ठेवावा लागतो, म्हणजे एकाच वेळी दोन रेडिओ चालू. ईमेल, दस्तऐवज आणि साधी व्हिडिओ बैठक यांना फोर-जीचा वेग पुरतो. अशा कामापुरते मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पसंतीचे जाळे `LTE` किंवा `4G` ठेवावे. उलट, घराशेजारीच टॉवर असेल आणि फाइव्ह-जी भरभक्कम मिळत असेल तर ते बंद करण्याचे कारण नाही. काम लवकर संपते आणि रेडिओ लवकर शांत होतो. फोनमध्ये दुसरे सिम असेल आणि त्या कंपनीला तिथे सिग्नलच नसेल, तर ते सिम तेवढ्यापुरते बंद करावे. नाहीतर फोन आपले जाळे शोधत बसतो, आणि हा खर्च कुठे दिसत नाही.

उष्णतेचा दुसरा मोठा स्रोत म्हणजे चार्जिंग. लांबच्या कामात फोन वेगवान चार्जरला जोडून ठेवण्याची सवय बहुतेकांना असते, आणि फोनला सर्वांत जास्त ताप तिथेच होतो. ३३ किंवा ६७ वॅटचा चार्जर बॅटरीत झपाट्याने वीज भरतो. त्या भरण्यात जो थोडा वाटा वाया जातो, तो उष्णता होऊन फोनमध्येच राहतो. आधीच मॉडेमने गरम झालेल्या फोनवर ही भर पडते. बॅटरी साधारण ४५ अंशांच्या पुढे गेली की बहुतेक फोन चार्जिंगचा वेग कमी करतात किंवा ते थांबवतात. मग चार्जर जोडलेला असूनही आकडा जागचा हलत नाही, आणि चार्जर बिघडला अशी समजूत होते. बिघडलेले काही नसते, फोन स्वतःला वाचवत असतो.

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी म्हातारी करतात, उष्णता आणि शंभर टक्क्यांच्या जवळ दीर्घकाळ राहणे. वेगवान चार्जरला जोडून हॉटस्पॉट चालवला की या दोन्ही एकत्र येतात. त्यामुळे काम सुरू होण्याआधी फोन ८० टक्क्यांपर्यंत भरून घ्यावा आणि काम चालू असताना सावकाश चार्ज द्यावा. आता बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, ती चालू करावी. काही फोनमध्ये बॅटरीला वळसा घालून वीज थेट फोनला पुरवण्याची सोय आहे, तिला बायपास चार्जिंग म्हणतात. ती असेल तर दीर्घ हॉटस्पॉटसाठी यापेक्षा चांगले काही नाही, पण बहुतेक स्वस्त फोनमध्ये ती नसते.

सावकाश चार्जिंग सहज मिळण्याची जागा म्हणजे लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट. जुन्या पद्धतीचे यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट देते. यूएसबी ३.० पोर्ट साडेचार वॅटपर्यंत देते. त्याच केबलवरून यूएसबी टेदरिंग केले तर वाय-फायचा रेडिओ बंद ठेवता येतो, म्हणजे दोन फायदे एका केबलीत होतात. वरच्या उदाहरणात फोन साडेतीन वॅट खात होता तेव्हा अडीच वॅट मिळूनही एक वॅट कमी पडले असते आणि बॅटरी तासाला पाच टक्क्यांच्या आसपास उतरतच राहिली असती. जागा बदलून खर्च पावणेदोन वॅटवर आल्यावर मात्र तेच पोर्ट पुरे पडते आणि आकडा हळूहळू वर चढतो. केबल लावूनही चार्ज उतरतो, ही तक्रार बहुतेक वेळा सिग्नलच्या तक्रारीचेच दुसरे रूप असते.

केबलच्या दोन अडचणी आहेत. बाजारात मिळणाऱ्या काही केबलींत फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. अशी केबल लावली तर फोन चार्ज होतो, पण सेटिंगमधले `USB tethering` हे बटण अंधुकच राहते, दाबता येत नाही. केबल बदलली की ते जिवंत होते. दुसरी अडचण लांबीची. फोन खिडकीत आणि लॅपटॉप माजघरात ठेवायचा तर लांब केबल लागते, आणि केबल जितकी लांब व बारीक तितकी तिच्यात वीज गळते. दोन मीटरपर्यंतची चांगली केबल ठीक. त्यापलीकडे जायचे असेल तर यूएसबी सोडून वाय-फायच वापरावे आणि फोन चांगल्या सिग्नलच्या जागी ठेवावा. केबलपेक्षा जागेचा फायदा मोठा असतो. वीज गेलेली असताना हेही लक्षात ठेवावे की फोनला दिलेले अडीच वॅट लॅपटॉपच्या बॅटरीतून जातात. ५० वॅट-तासांच्या लॅपटॉपला ते तासाला पाच टक्क्यांना पडतात.

ब्लूटूथ टेदरिंग सर्वांत कमी वीज घेते, पण त्यातून एक-दोन मेगाबिटच्या वर वेग मिळत नाही. नुसते ईमेल आणि मजकुराचे काम असेल तर पुरते, बैठक चालणार नाही.

एवढे केल्यावर उरतो तो लॅपटॉप. मॉडेमला किती मेगाबाइट गेले याइतकेच ते किती वेळा जागे झाले याचेही घेणेदेणे असते. डेटाचा शेवटचा तुकडा गेल्यावर मॉडेम लगेच झोपत नाही. टॉवर आणि फोन आणखी काही सेकंद दुवा तसाच धरून ठेवतात, न जाणो आणखी काही आले तर. एकदम दहा मेगाबाइटचे पान उतरले आणि मग वाचक पाच मिनिटे वाचत बसला, तर मॉडेमला विसावा मिळतो. पण दर पाच सेकंदांनी कुणीतरी दोन किलोबाइट मागत राहिले, तर डेटा नगण्य असूनही मॉडेम तासभर जागेच राहते. लॅपटॉपवर अशी कुजबुज करणारे पुष्कळ असतात. क्लाउडवर फाइली जुळवणारे प्रोग्राम, मागे उघड्या राहिलेल्या चॅटच्या खिडक्या, स्वतःहून ताज्या होणारी बातम्यांची पाने, विंडोजची अद्ययावत करणारी सेवा.

यासाठी विंडोजमध्ये `Metered connection` नावाची सोय आहे. सेटिंग्जमध्ये `Network & internet` उघडून, जोडलेल्या जाळ्याच्या गुणधर्मांत ती चालू करता येते. मग विंडोज बहुतेक अपडेट मोठ्या प्रमाणावर उतरवत नाही आणि वनड्राइव्ह जुळवणी थांबवते. मॅकवर हेच काम `Low Data Mode` करते. लिनक्सवर एका आज्ञेत होते, अवतरणातल्या नावाच्या जागी आपल्या जोडणीचे नाव घालावे:

```
nmcli connection modify "MyPhone" connection.metered yes
```

इथे एक फसगत नेहमी होते. वाय-फायसाठी ही सोय चालू केलेली असते, पण नंतर त्याच फोनला केबल लावली की विंडोजला ती वेगळीच, इथरनेटसारखी जोडणी दिसते, आणि तिच्यावर काहीही बंधन नसते. रात्रभराचे अपडेट मग केबलवरून खुशाल उतरू लागते. म्हणून वाय-फाय आणि यूएसबी या दोन्हींसाठी ही खूण वेगवेगळी करावी.

फोनच्या बाजूचा डेटा सेव्हर हा यावर उपाय नाही. तो फोनवरच्या अॅप्सना आवरतो, लॅपटॉपला नाही. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये तर तो चालू असताना हॉटस्पॉट सुरूच होत नाही. व्हिडिओ बैठकीत आपला कॅमेरा बंद ठेवणे मात्र खूप उपयोगाचे असते, कारण वर जाणारा डेटाच फोनला सर्वांत महाग पडतो. मोठ्या फाइली चढवायच्या असतील तर त्या साठवून, फोन चांगल्या जागी असताना एकदमच चढवाव्यात. हॉटस्पॉटच्या पानावर किती यंत्रे जोडली गेली आहेत तेही पाहावे. घरातला टॅब जुना पासवर्ड ओळखून गुपचूप जोडला जातो आणि आपली अॅप्स अद्ययावत करू लागतो.

थंड ठेवण्याचे उपाय साधे आहेत. कव्हर काढावे. गादी, उशी, सोफा आणि लॅपटॉपचा गरम पाठ यांवर फोन ठेवू नये. स्टँडवर उभा ठेवला तर दोन्ही बाजूंनी हवा लागते. टेबलफॅनचा मंद झोत लागला तर तापमान काही मिनिटांत उतरते, कारण तापलेल्या अंगाला चिकटलेली हवा पंखा हलवतो. फोन फ्रिजमध्ये ठेवणे किंवा ओले फडके गुंडाळणे पूर्ण चुकीचे. कोकणातल्या मे महिन्याच्या दमट हवेत पंचवीस-सव्वीस अंशांखाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरते. फ्रिजमधून काढलेल्या फोनच्या आतही ते धरते, आणि मग उष्णतेपेक्षा मोठे नुकसान होते.

उपाय लागू पडला की नाही हे हाताने चाचपून नीट कळत नाही. अँड्रॉइड फोनवर यूएसबी डीबगिंग चालू असेल आणि लॅपटॉपवर `adb` असेल, तर बॅटरीचे तापमान थेट वाचता येते:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात `temperature: 412` अशी ओळ येते. हा आकडा दशांश अंशात असतो, म्हणजे बॅटरी ४१.२ अंशांवर आहे. त्याच उत्तरात `level` पुढे टक्के दिसतात. काम सुरू करताना एकदा, अर्ध्या तासाने आणि तासाने असे तीन आकडे टिपले, मग फोनची जागा बदलून तेच पुन्हा केले, की कोणत्या बदलाने किती फरक पडला ते स्पष्ट दिसते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर श्रेय कुणाचे ते कळत नाही. हे साधन नसेल तर नुसते तासाचे टक्के टिपले तरी चालते.

फोन हद्दीबाहेर गेल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. सुरुवातीला चांगला असलेला वेग अर्ध्या-पाऊण तासाने खाली येतो, फाइव्ह-जीचे चिन्ह जाऊन फोर-जी येते, स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग थांबल्याचा संदेश दिसतो. अॅपलच्या सूचनेनुसार आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरायचा आहे, आणि विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा त्याच्या कितीतरी वर जाते. तिथे खोली थंड केल्याशिवाय वरचे सगळे उपाय मिळूनही पुरे पडत नाहीत. जड काम सकाळी आटपणे हाच मार्ग उरतो.

रोज सहा-सात तास हॉटस्पॉट लागत असेल तर रोजच्या वापराच्या फोनवर हा भार टाकू नये. सिम घालायचा स्वतंत्र वाय-फाय राउटर खिडकीत, थेट विजेवर चालतो आणि त्याला बॅटरीची चिंता नसते. यासाठी जुना फोन वापरण्याची पद्धत आहे, पण तो दिवसरात्र चार्जरला जोडून ठेवू नये आणि महिन्यातून एकदा त्याची पाठ सपाट पृष्ठभागावर ठेवून पाहावी. फोन डुगडुगत असेल, काच कडेने वर आली असेल, तर बॅटरी फुगली आहे. असा फोन तिथल्या तिथे बंद करावा, चार्ज करू नये, दाबू किंवा टोचू नये आणि बॅटरी बदलणाऱ्याकडे द्यावा.